शिट्टी न वाजवणारा कुकर आणि एका कपाचं गणित



विजेचा राईस कुकर हल्ली पुष्कळ घरांत आलाय. कुणाच्या मुलीला वसतिगृहाच्या खोलीवर हवा असतो, कुणाच्या घरी गॅस संपल्यावर अडीनडीला असावा म्हणून घेतलेला असतो. आमच्याकडे तो आईसाठी आला. ती गुहागरकडे गावच्या घरात एकटी राहते. वय चौऱ्याहत्तर, हातपाय धड, पण कानांनी साथ सोडलीय. प्रेशर कुकरच्या शिट्ट्या तिला ऐकू येत नाहीत. वर्षभरात दोनदा कुकरमधलं पाणी आटून सेफ्टी व्हॉल्व उडाला. तेव्हापासून भावाचं एकच पालुपद सुरू झालं, "आई, आता पुरे, मुंबईला चल." आणि आईचं दुसरं, "मी माझ्या घरातून हलायची नाही." या दोन वाक्यांच्या मध्ये तो कुकर येऊन बसला. तिला एकटीला रोजचा भात नीट करता आला, तरच ती गावी राहणार होती.

भात तिला आयुष्यभर येतोच. तरीही पहिल्या दोन दिवसांत दोन्ही वेळा बिघडला. पहिल्या दिवशी तिने दीडपट पाणी घातलं, भात चरचरीत, आत कणी राहिलेला. दुसऱ्या दिवशी तिने बोटाचं पेर मोजलं, तांदळावर पेरभर पाणी, आणि भाताचा पार गिचका झाला. ती मला म्हणाली, "अगं, साठ वर्षं भात रांधत्येय, या डब्याला माझा हात कळत नाही." दिवाळीच्या सुट्टीत मी चार दिवस तिच्याजवळ होते, तेव्हा आम्ही दोघींनी मिळून यामागचं कारण शोधलं. ते गणिताचं निघालं, म्हणून इथे लिहिते आहे.

आधी या कुकरला काय कळतं ते बघू. त्याच्या आत घड्याळ नसतं. भात शिजला की नाही हे तो बघत नाही. साध्या, एक खटका असलेल्या कुकरच्या तव्याच्या मधोमध एक स्प्रिंगवरची गोल चकती असते, ती भांड्याच्या बुडाला टेकते. त्या चकतीत एक खास चुंबक असतो. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर बुडाचं तापमान शंभर अंशांच्या फार पुढे जात नाही, कारण सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. पाणी संपलं की तापमान चढतं. शंभरच्या थोडं वर गेलं की त्या चुंबकाची ओढ नाहीशी होते, स्प्रिंग त्याला ढकलते आणि ‘खट्’ करून बटण वर येतं. म्हणजे कुकर एकच गोष्ट ओळखतो: मोकळं पाणी संपलं. तांदूळ किती, कोणता, शिजला का कच्चा, यातलं काहीही त्याला ठाऊक नसतं. भात कसा होणार हे आपण किती पाणी घातलं त्यावरच ठरतं.

जपानमध्ये १९५५ साली तोशिबाने पहिला यशस्वी स्वयंचलित कुकर बाजारात आणला, तोही याच तत्त्वावर होता. तो बनवणारे योशितादा मिनामी यांनी दोन भांडी एकात एक बसवली होती. बाहेरच्या भांड्यात थोडं पाणी घालायचं. साधारण वीस मिनिटांत ते उकळून संपायचं, तापमान चढायचं आणि दोन धातूंच्या पट्टीचा स्विच वाकून वीज बंद करायचा. त्या पाण्याची वाफ होणं हेच घड्याळ होतं. किती तांदळाला किती पाणी हे घरी पुन्हा पुन्हा भात करून तपासण्याचं काम त्यांच्या पत्नी फुमिको यांनी केलं होतं. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तिथेही बाईनेच निस्तरलं तर!"

आता आमचं मोजमाप. घरात एक स्वयंपाकाचा छोटा डिजिटल काटा होता. कुकरबरोबर आलेला प्लास्टिकचा कप घेतला. हा कप १८० मिलिलिटरचा असतो. जपानमधलं तांदळाचं जुनं माप तेवढं, म्हणून जगभर कुकरबरोबर बहुतेक हाच कप येतो. आईची रोजची पितळी वाटी मोजली तर ती १५० मिलिलिटरची निघाली. ही पहिली मेख. भांड्याच्या आत १, २, ३ असे आकडे आणि रेषा असतात, त्या या १८० मिलिच्या कपाच्या आहेत. तांदूळ आपल्या वाटीने मोजून पाणी कुकरच्या रेषेपर्यंत भरलं, तर दोन वेगवेगळी मापं एकत्र आली. दोन वाट्या तांदूळ म्हणजे ३०० मिलि, आणि २ ची रेषा धरते ३६० मिलि तांदूळ. भात मऊ होणारच. कप हरवला असेल तर मोजपात्राने १८० मिलि पाणी घेऊन ते घरातल्या एखाद्या पेल्यात ओता, पाणी जिथे येईल तिथे खूण करा आणि तो पेला तांदळासाठीच ठेवा.

रेषेबद्दल आणखी दोन गोष्टी. एक, १ ची रेषा म्हणजे ‘तांदूळ आत असताना पाणी इथपर्यंत’. आधी रिकाम्या भांड्यात पाणी भरून मग तांदूळ टाकायचे नाहीत. दोन, काही भांड्यांत समोरासमोर दोन पट्ट्या असतात, एक कपांची आणि दुसरी लिटरची. लिटरची पट्टी हे भांड्यातल्या आकारमानाचं माप आहे. त्यावरचा ‘०.५’ हा अर्ध्या कपाचा आकडा नाही.

मग एक कप कोलम, म्हणजे साधारण १५० ग्रॅम, आणि दोन कप पाणी, म्हणजे ३६० ग्रॅम. एकूण ५१०. खटका पडल्यावर, दहा मिनिटं थांबून, भाताचं वजन केलं. ४२० ग्रॅम. नव्वद ग्रॅम पाणी वाफ होऊन गेलं. उरलेलं २७० ग्रॅम, म्हणजे दीड कप, तांदळाने प्यायलं. भात मऊ, मोकळा, आईला हवा तसा. दुसऱ्या दिवशी शेजारची मंडळी जेवायला होती, तेव्हा तीन कप तांदूळ लावले. पाणी सहा कप न घालता पाचच घातलं. तांदूळ ४५० आणि पाणी ९००, एकूण १३५०. भात भरला साधारण १२५०. वाफ शंभरेक ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पहिल्याएवढीच!

इथे आईचं कोडं सुटलं. पाण्याचे दोन वाटे असतात. एक तांदळाचा वाटा, तो तांदळाबरोबर वाढतो: आमच्या कोलमला दर कपामागे दीड कप. दुसरा वाफेचा वाटा, तो कुकरच्या भांड्यावर आणि झाकणावर अवलंबून असतो आणि तांदूळ वाढले तरी थोडासाच वाढतो: आमच्या कुकरात अर्धा कप. म्हणून एका कपाला दोन कप पाणी, दोन कपांना साडेतीन, तीन कपांना पाच.

आई आठ-दहा माणसांच्या घरात भात शिकली. आठ कपांना याच हिशेबाने साडेबारा कप पाणी येतं, म्हणजे जवळपास दीडपट. तिचं दीडपट बरोबरच होतं, पण ते मोठ्या घराचं होतं. एका कपाला दीडच कप पाणी घातलं, की वाफ आपला अर्धा कप तांदळाच्या वाट्यातून ओढून नेते. पाणी लवकर संपतं, खटका लवकर पडतो आणि दाण्यात कणी राहते. गॅसवर ती झाकण काढून बघायची आणि आधणाचं पाणी वरून घालायची. कुकरजवळ असं बघणारं कुणी नसतं. पेराचं मापही असंच. अरुंद टोपात, जास्त तांदळावर ते जमतं. आमच्या कुकरच्या रुंद भांड्यात एक कप तांदूळ तळाशी पातळ पसरतात, आणि त्यावर पेरभर पाणी म्हणजे हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून गिचका.

आठवीला चलन शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर वापरावं. मुलं ‘एकाला दोन, तर तिनाला सहा’ असं चटकन म्हणतात. भाताचं पाणी समचलनात नाही, त्यात एक स्थिर संख्या मिळवलेली आहे. दर मुलाने घरून फक्त आपल्या घरचं तांदळाचं आणि पाण्याचं माप विचारून आणलं, तरी फळ्यावर आलेख काढता येतो. आलेखाची रेघ आरंभबिंदूतून जात नाही, हे मुलांनाच दिसतं.

आमचा दीड आणि अर्धा हा हिशेब जसाच्या तसा तुमच्या घरी लागू होणार नाही. भांड्यावरची रेषा कंपनीने एका विशिष्ट तांदळासाठी आखलेली असते, तीही फक्त सुरुवात समजायची. आईच्या कोलमला पाणी १ च्या रेषेच्या नखभर वर लागतं. नवा तांदूळ कमी पाणी पितो, जुना जास्त. इंद्रायणीसारख्या चिकट तांदळाला रेषेच्या किंचित खाली थांबलेलं बरं. पहिल्या दिवशी रेषेपर्यंत पाणी घ्या आणि भात बघा. वरचे दाणे कडक असतील तर पुढच्या वेळी दोन चमचे पाणी वाढवा, तळाशी लगदा असेल तर तेवढंच कमी करा. एकदम अर्धा कप बदलू नका. चांगला झालेला भात झाकण उघडल्यावर ओळखू येतो: वरचा थर सपाट असतो, त्यात वाफेने पाडलेली बारीक भोकं दिसतात आणि कडेला पाणी नसतं.

आता भिजवण्याबद्दल. दाण्याच्या गाभ्यापर्यंत पाणी पोचायला वेळ लागतो. न भिजवलेल्या तांदळात बाहेरचा भाग शिजून फुगतो आणि आत मात्र कोरडं राहतं. कुकर पाणी संपल्यावर थांबणार, गाभ्यासाठी वाट बघणार नाही. म्हणून धुतलेले तांदूळ वीस ते तीस मिनिटं भिजवावेत. जुन्या कोलमला अर्धा तास, नव्या आंबेमोहराला पंधरा मिनिटंही पुरतात, जास्त भिजला तर तो ढवळताना मोडतो.

भिजवताना एकच नियम आईने भिंतीवर लिहून ठेवलाय: ज्या पाण्यात शिजवायचं त्यातच भिजवायचं. तांदूळ धुऊन, निथळून, मोजलेलं पाणी घालून भांडं तसंच बाजूला ठेवायचं, मग बटण दाबायचं. वेगळ्या पातेल्यात भिजवून ते पाणी ओतून दिलं आणि वर पुन्हा पूर्ण मापाचं पाणी घातलं, तर तांदळाने आधीच प्यायलेलं पाणी हिशेबाबाहेर राहतं आणि भात मऊ होतो. रात्रभर मात्र भिजत ठेवू नये. आमच्याकडच्या मे महिन्यात सकाळपर्यंत ते पाणी आंबतं. ज्या कुकरांना टायमर असतो, त्यांत रात्री तांदूळ भरून सकाळची वेळ लावणाऱ्यांनी हे उन्हाळ्यात लक्षात ठेवावं.

धुताना दोन-तीन पाणी बदलावीत. वरची पूड गेली नाही तर पिठूळ फेस झाकणाच्या भोकातून बाहेर येतो आणि कुकरच्या अंगावर ओघळतो. धुवायचं ते वेगळ्या पातेल्यात. कुकरच्या भांड्यात तांदूळ चोळले तर आतला लेप झिजतो.

खटका पडला म्हणजे जेवायला बसायचं असं नाही. बटण ‘वॉर्म’वर आलं की मोठी उष्णता बंद होते आणि बारीक ऊब सुरू राहते. त्या वेळी तळाचा भात कोरडा आणि वरचा ओलसर असतो. झाकण न उघडता दहा-पंधरा मिनिटं थांबलं की ओल सगळीकडे सारखी होते. मग प्लास्टिकच्या किंवा लाकडी भातवाढीने कडेपासून हलकेच वर-खाली करायचं, म्हणजे कोंडलेली वाफ निघून जाते.

आणि आता ज्यावर माझी आणि आईची खरी वादावादी झाली तो मुद्दा. आई अकराला भात लावायची, खटका पडला की भिंतीवरचं बटण बंद करायची. "उगाच वीज कशाला जाळायची? झाकण लावलंय, गरम राहतो." दुपारी जेवायची आणि उरलेला भात त्याच बंद कुकरात संध्याकाळपर्यंत. हे धोक्याचं आहे. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते उकळीतही मरत नाहीत. भात कोमट झाला की ते जागे होऊन वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. वासावरून ओळखू येईलच असंही नाही. उलट्या-जुलाबांनी तरुण माणूस एका दिवसात सावरतो. गावात एकट्या राहणाऱ्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या बाईला तो दिवस फार महागात पडू शकतो. बंद कुकर म्हणजे कोमटपणा टिकवणारी पेटीच, भात त्यात हळूहळू निवतो आणि तासन्‌तास नको त्या तापमानात राहतो.

तेव्हा दोनच वाटा. भात ऊन ठेवायचा तर वॉर्म चालू ठेवायचं, म्हणजे तो ६० अंशांच्या वर राहतो. आम्ही स्वयंपाकाच्या थर्मामीटरने दोन तासांनी मधोमध तपासलं तर ७० च्या आसपास होतं. प्रत्येक कुकर सारखा नसतो, म्हणून एकदा तपासावं. थर्मामीटर नसेल तर भात खाताना चटका लागेल इतका गरम हवा, नुसता कोमट असेल तर तो कुकर ऊन ठेवण्यासाठी वापरू नये. चालू ठेवायचा तोही तीन-चार तासच, पुढे कडा वाळतात आणि तळाला पिवळी खरपुडी धरते. दुसरी वाट म्हणजे उरलेला भात तासाभरात ताटात पसरून निववायचा आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवायचा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवायचा. फोडणीचा भात त्याचाच करावा. फ्रिजमधला गार भात वॉर्मवर ठेवून गरम करू नये, ती ऊब तेवढी जोरकस नसते.

आईशी समझोता असा झाला: रोज एकच कप लावायचा, बाराला लावून एकला जेवायचं, आणि रात्रीपुरता भात जेवायला बसण्यापूर्वीच काढून पसरायचा. बटण बंद करायला मग तिला मोकळीक!

राहिलं भांडं घासणं. कोकणातल्या स्वयंपाकघरात नारळाची शेंडी आणि राख, दुसरं काही ठाऊक नाही. लेपाच्या भांड्याला ते चालत नाही, तारेची घासणीही नाही. प्लग काढून, भांडं निवलं की त्यात कोमट पाणी घालून वीस मिनिटं ठेवायचं. चिकटलेला भात आपोआप सुटतो, मग मऊ स्पंजाने पुसून घ्यायचं. लेपाला ओरखडे पडले की भात तिथेच चिकटू लागतो, म्हणून स्टीलचा डावही आत घालायचा नाही. साध्या ॲल्युमिनियमच्या भांड्याला लेप नसतो, पण तेही खसाखसा घासून रेषा पुसून टाकू नयेत.

आतल्यापेक्षा जास्त लक्ष भांड्याच्या बाहेरच्या बुडाकडे हवं. ते कोरड्या फडक्याने पुसूनच कुकरात ठेवायचं. बुडाखाली एक शीत जरी अडकलं तरी भांडं तव्यावर पुरतं टेकत नाही. मग तापमानाचा अंदाज चुकतो, भात अर्धवट असतानाच खटका पडतो किंवा एका बाजूला करपतो. पाणी बरोबर असूनही भात अचानक बिघडू लागला तर आधी तिथे बघा. कुकरचं भांडं गॅसवर ठेवून फोडणी करू नये, ती याच कारणाने. बूड जरा जरी वाकलं तर ते पुन्हा नीट टेकत नाही. तवा आणि मधली चकती कधी नळाखाली धरायची नाही, प्लग काढून कोरड्या कापडाने पुसायची. झाकणाची आतली बाजू आणि वाफेचं भोक रोज धुवावं, तिथे साचलेली पेज दुसऱ्या दिवशी आंबट वास मारते. मागे वाफेचं पाणी गोळा करणारी लहान वाटी असेल तर तीही रिकामी करावी.

आई अजून गावीच आहे. कुकरचा खटका तिला ऐकू येत नाही, पण दिवा बदललेला दिसतो. सध्या तिचा एकच प्रश्न आहे: यंदाचा नवा तांदूळ घरात आलाय, त्याला पाणी किती? आम्ही ठरवलंय की एका कपाला दोन कपांतून तीन चमचे काढून सुरुवात करायची आणि तीन दिवसांत रेषा पक्की करायची. ती रेषा ती स्वतःच कॅलेंडरवर लिहिणार आहे.